गूळ, साखर की स्वीटनर: माझ्या चहाचा हिशेब

प्रीडायबेटिसचं निदान झालं की पहिली गदा चहावर येते. माझ्याही आली. गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा एचबीएवनसी ६.१ टक्के आणि उपाशीपोटीची साखर १०८. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ च्या पट्ट्यात असला की त्याला मधुमेह म्हणत नाहीत, पण सगळं ठीक आहे असंही म्हणत नाहीत. डॉक्टरांनी औषध दिलं नाही. वजन थोडं उतरवा, जेवणानंतर चाला आणि चहातली साखर बघा, एवढंच म्हणाल्या.

"बघा" म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. ताईचा फोन आला तेव्हा तिने एका वाक्यात निकाल लावला, "अगं, साखर बंद कर आणि गूळ घाल. गुळाने काही होत नाही, उलट लोह मिळतं." धाकट्या दिराचं म्हणणं, "वहिनी, स्वीटनरच्या गोळ्या आणा, प्रश्नच मिटला." आणि ज्यांनी कुणी गोळ्यांचं नाव ऐकलं त्यांनी त्याने कॅन्सर होतो असं सांगितलं. तिघांचीही खात्री सारखीच पक्की होती. मला चहा सोडायचा नव्हता, त्यामुळे हे तिन्ही पर्याय माझ्याच कपात तपासून बघायचं ठरवलं.

सुरुवात केली ती वजनकाट्यापासून, आणि आता मागे वळून पाहता सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. मी दिवसाला चार कप चहा घेत असे, प्रत्येकात दोन चमचे साखर. कुणी विचारलं तर "दोनच चमचे" असं उत्तर द्यायचे. चहाचा सपाट चमचा म्हणजे ४ ते ५ ग्रॅम साखर. पण चमचा आपण सपाट कधी भरतो? माझा नेहमीचा शीग लावलेला चमचा काट्यावर ६ ग्रॅम भरला. म्हणजे कपाला १२ ग्रॅम आणि दिवसाला ४८. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ठेवा असं म्हटलंय, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या खाली. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. मी दिवसभरात दुसरं काहीही गोड खाल्लं नाही तरी नुसत्या चहाने पहिली मर्यादा जवळजवळ संपत होती. ही मर्यादा धडधाकट माणसांसाठीही आहे, प्रीडायबेटिसवाल्यांसाठी सवलत म्हणून वाढवलेली नाही. आणि तिच्यात मध, सरबतं, फळांचा रस आणि गूळ हे सगळं धरलेलं आहे.

मग गूळ. ताईच्या सल्ल्याप्रमाणे साखर थांबवून गूळ सुरू केला, आणि चव पूर्वीइतकी गोड लागेपर्यंत घालत गेले. त्या मापाचा खडा काट्यावर ठेवला तर १६ ग्रॅम. असं का होतं ते गुळाच्या घटकांवरून कळतं. साखर म्हणजे जवळपास शंभर टक्के सुक्रोज. गुळात सुक्रोज साधारण ६५ ते ८५ टक्के, सुटं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून आणखी १० ते १५ टक्के, उरलेलं पाणी, खनिजं आणि रंग-वास देणारे पदार्थ. वेगवेगळ्या गुळात हे प्रमाण बदलतं, पण सगळ्या साखरा मिळून ८५ टक्के धरले तर फारसं चुकत नाही. पाणी असल्यामुळे वजनाला तो साखरेपेक्षा कमी गोड लागतो, म्हणून हात सैल सुटतो. १६ ग्रॅमचे ८५ टक्के म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या वर. साखरेच्या चहात माझ्या पोटात १२ ग्रॅम जात होती, गुळाच्या चहात त्याहून थोडी जास्तच. चार कपांचे झाले ५४ ग्रॅम. पहिली मर्यादा गुळाने ओलांडली आणि मनाला मात्र पथ्य पाळल्याचं समाधान.

गुळाचा खडा हे मापाच्या दृष्टीने मोठं अवघड प्रकरण आहे. साखरेचा चमचा निदान रोज साधारण तेवढाच भरतो. गूळ फोडला की एक खडा ९ ग्रॅमचा, दुसरा १९ चा. डोळ्यांना दोन्ही "एक खडा" दिसतात. म्हणून मी गूळ किसून डब्यात ठेवला आणि काही दिवस कप काट्यावर ठेवूनच त्यात घातला. गुळाची पावडर वापरली तर मापाचा प्रश्न सुटतो, मात्र पाकिटावरची घटकांची यादी वाचावी लागते, कारण काही पावडरींत साखर मिसळलेली असते आणि ती तिथे छापलेली असते.

आता लोहाचा मुद्दा. तो मला महत्त्वाचा होता, कारण माझं हिमोग्लोबिन काठावरचं. गुळात लोह असतं हे खरं, पण किती, याला काही नेम नाही. रस कोणत्या कढईत आटवला यावरही ते अवलंबून असतं. १०० ग्रॅमला ५ मिलिग्रॅम धरले तर १६ ग्रॅम गुळातून ०.८ मिलिग्रॅम मिळतं. पाळी चालू असलेल्या बाईची रोजची गरज १८ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सांगतात. एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं, पण हा गूळ चहात आहे. चहातली टॅनिनसारखी पॉलिफेनॉल्स वनस्पतिजन्य लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यात शोषलं जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आणू शकतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका असं डॉक्टर बजावतात ते याचसाठी. म्हणजे गुळातून लोह मिळवायचं असेल तर चहा ही त्यासाठी सगळ्यात वाईट जागा. ताईला हे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "पण साखरेवर केमिकल मारतात." ते वेगळं भांडण आहे. शुद्धीकरणात काय वापरतात यावर बोलता येईल, पण रक्तातल्या ग्लुकोजला साखर पांढरी आहे की तांबूस याच्याशी देणंघेणं नसतं.

कागदावरचा हिशेब झाला, तरी प्रत्यक्षात काय होतं ते पाहायचं होतं. घरात ग्लुकोमीटर होता. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी बोटाला टोचून पहिलं रीडिंग, मग फक्त चहा, सोबत काहीही खायचं नाही, आणि पुन्हा अर्ध्या तासाने, एका तासाने, दोन तासांनी. चहा प्रत्येक वेळी तोच: १०० मिलिलिटर दूध, तेवढंच पाणी, तेवढीच पूड. बदल एकच. एका प्रकारात काहीच गोड नाही, दुसऱ्यात १२ ग्रॅम साखर, तिसऱ्यात १४ ग्रॅम गूळ, म्हणजे ज्यात १२ ग्रॅमच साखर असेल इतका, आणि चौथ्यात स्वीटनरच्या दोन गोळ्या. प्रत्येक प्रकार एकाहून जास्त सकाळी केला, कारण एका दिवसाच्या आकड्यावर विसंबणं बरोबर नाही. झोप कमी झाली असेल, आदल्या रात्री उशिरा जेवलो असू, तरी सकाळचा आकडा हलतो.

ग्लुकोमीटरबद्दल दोन गोष्टी आधी समजून घ्याव्या लागल्या. पहिली त्याच्या अचूकपणाची. घरगुती मीटरसाठी जो आंतरराष्ट्रीय निकष आहे, त्यात १०० च्या वरच्या आकड्याला १५ टक्के इकडेतिकडे चालतं. खरी साखर १३० असेल तर यंत्र १११ दाखवू शकतं आणि १४९ ही दाखवू शकतं, आणि दोन्ही वेळा ते बिघडलेलं नसतं. म्हणून "गुळाने १२६, साखरेने १३१, बघ गूळ चांगला" असं एका दिवसाच्या मोजणीवरून कुणी म्हणालं तर ते ५ आकडे म्हणजे निव्वळ यंत्राची चुळबूळ असू शकते. दुसरी गोष्ट बोटाची. मी मुद्दाम करून पाहिलं: गूळ किसलेलं बोट न धुता टोचलं तर आकडा १९० च्या पुढे गेला, लगेच साबणाने धुऊन, नीट पुसून घेतलं तर ११० च्या आसपास. रक्ताच्या थेंबात बोटावरचं गोड मिसळतं आणि पट्टीला काही ते वेगळं ओळखता येत नाही. घरात कुणाचा आकडा अचानक वर दिसला तर घाबरण्याआधी हात धुऊन पुन्हा बघावं.

निकाल सांगते. बिनगोडाच्या चहाने माझा आकडा १० च्या आसपास वर गेला आणि लवकरच खाली आला. हे दुधामुळे. १०० मिलिलिटर दुधात ५ ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतं, तीही साखरच, फक्त सावकाश उतरणारी. साखरेच्या चहाने अर्ध्या तासाला २५ ते ३० ची वाढ दिसली. गुळाच्या चहानेही तेवढीच. कधी साखरेची रेघ थोडी वर, कधी गुळाची, दोन्हींत मला कोणताही फरक दाखवता आला नसता. गोळ्यांचा चहा बिनगोडाच्या चहासारखाच वागला. आणि दोन तासांनी चारही प्रकारांत आकडे उपाशीपोटीच्या जवळपास परत आले होते.

हे शेवटचं वाक्य फसवं आहे. बहुतेक लोक जेवणानंतर दोन तासांनी मोजतात आणि तीच सवय चहालाही लावतात. माझ्या चहाचं शिखर अर्ध्या-पाऊण तासात येऊन गेलेलं असायचं. दोन तासांनीच मोजलं असतं तर "गुळाने काही होत नाही" या ताईच्या वाक्यावर माझा विश्वास बसला असता, आणि साखरेनेही काही होत नाही असंही सिद्ध झालं असतं.

आणखी एक गोष्ट ग्लुकोमीटरला दिसतच नाही. सुक्रोजचा एक अर्धा भाग ग्लुकोज, दुसरा फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तात येतं आणि पट्टीवर आकडा म्हणून दिसतं. फ्रुक्टोजचा बराचसा भाग यकृतातच निपटला जातो, त्याचा आकडा पट्टीवर येत नाही. त्यामुळे साखरेचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ रक्तातलं ग्लुकोज किती चढवतो त्याचा आकडा, ६५ च्या आसपास, पांढऱ्या ब्रेडपेक्षाही कमी. तो कमी दिसतो म्हणून साखर ब्रेडपेक्षा बरी ठरत नाही. रोज गरजेपेक्षा जास्त फ्रुक्टोज आलं तर यकृत त्याची चरबी करतं, आणि यकृतात चरबी साठणं व इन्सुलिनला प्रतिसाद मंदावणं या गोष्टी हातात हात घालून येतात. कपातले ६ ग्रॅम फ्रुक्टोज हा काही विषाचा डोस नव्हे. पण चार कपांचे २४ ग्रॅम, रोज, वर्षानुवर्षं, हा वेगळा आकडा आहे. गूळ, ब्राऊन शुगर, मध यांपैकी कशानेही हा अर्धा भाग गायब होत नाही.

गुळाच्या चहाची आणखी एक अडचण, जी रक्ताची नाही, पातेल्याची आहे. दूध फाटतं. गूळ थोडा आम्लधर्मी असतो, त्यात क्षारही असतात, आणि उकळत्या दुधात हे दोन्ही एकदम पडले की दुधातलं प्रथिन गोळा होतं. गूळ जितका जुना किंवा ओलसर, तितकी भीती जास्त. पूड, पाणी आणि दूध उकळून गॅस बंद करायचा, एक-दोन मिनिटं थांबायचं आणि मग कपात किसलेला गूळ घालून ढवळायचं, असं केलं की सहसा फाटत नाही. आलं घालत असाल तर ते पाण्यातच आधी चांगलं उकळून घ्यावं. गुळाला स्वतःचा वास आणि एक खमंग चव असते, ती मला आवडते. गूळ घ्यायचं माझ्या मते तेवढं एकच कारण आहे, आणि ते काही कमी प्रामाणिक कारण नाही.

स्वीटनर हा एक पदार्थ नव्हे, हे डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचल्यावर कळलं. समोरच्या बाजूला सगळ्यांवर "शुगर फ्री" असंच लिहिलेलं असतं. मागे बघितलं तर एकात अ‍ॅस्पार्टेम, दुसऱ्यात सुक्रालोज, तिसऱ्यात सॅकरिन, चौथ्यात स्टीव्हियाच्या पानांतून काढलेला अर्क. चहाच्या दृष्टीने यांत फरक आहे. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, पण जास्त वेळ उष्णता मिळाली की विघटित होतं आणि गोडी उतरते. ते पातेल्यात उकळायला घालू नये, कपातच टाकावं. ज्यांना जन्मतः फेनिलकीटोन्युरिया हा आजार असतो त्यांनी ते घ्यायचंच नाही, तशी सूचना डबीवर असते. सुक्रालोज सुमारे ६०० पट गोड आणि उकळत्या चहात टिकणारं. सॅकरिन मागाहून कडवट, धातूसारखं लागतं. स्टीव्हियाला ज्येष्ठमधासारखी मागची चव असते. दुधाच्या चहात ती मला सहन झाली नाही, दुसऱ्या कुणाला ती आवडेलही.

कॅन्सरची भीती मी गणित मांडून तपासली. २०२३ च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला "कदाचित कर्करोगकारक" या गटात टाकलं, आणि बातम्या तेवढ्यावरच थांबल्या. त्याच दिवशी अन्नातल्या घटकांची सुरक्षितता तपासणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा बदलायचं कारण नाही असं सांगून ती वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅमवरच ठेवली. पहिली संस्था पुरावा किती भक्कम आहे ते सांगते, किती खाल्ल्यावर धोका होतो ते सांगत नाही. माझं वजन ६० किलो धरलं तर मर्यादा २४०० मिलिग्रॅम. एका गोळीत साधारण १८ मिलिग्रॅम. चार कपांत आठ गोळ्या म्हणजे १४४. मर्यादेच्या बऱ्याच खाली. सुक्रालोजचा हिशेब थोडा अधिक जवळचा येतो: अमेरिकेच्या नियामकाची मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे मला ३००. एका गोळीत ७-८ मिलिग्रॅम धरले तर आठ गोळ्यांचे ६०, मर्यादेचा पाचवा हिस्सा. त्यात दिवसभरातली डाएट पेयं आणि "शुगर फ्री" खाऊ यांतलंही मिळवायला हवं, ते मी घेत नाही.

मला जास्त विचार करायला लावला तो दुसऱ्या दोन गोष्टींनी. एक म्हणजे २०२३ च्याच मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्वीटनर वापरू नयेत असा सल्ला दिला. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना त्यातून वगळलंय, प्रीडायबेटिसवाल्यांना नाही. हा सल्ला सशर्त आहे, कारण जे लोक स्वीटनर घेतात ते बरेचदा आधीच वजनाने जास्त असतात, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे सुटं करणं कठीण. दुसरी गोष्ट २०२२ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतून आलेली: १२० निरोगी प्रौढांना दोन आठवडे मर्यादेपेक्षा कमी मात्रेत वेगवेगळे स्वीटनर दिले, तेव्हा सॅकरिन आणि सुक्रालोजच्या गटांत ग्लुकोज पचवण्याची क्षमता बिघडलेली दिसली, अ‍ॅस्पार्टेम आणि स्टीव्हियाच्या गटांत तसं दिसलं नाही. आणि माणसागणिक फरक मोठा होता, आतड्यातल्या जिवाणूंप्रमाणे. म्हणजे माझ्या ग्लुकोमीटरने चहानंतर दोन तासांत जे दाखवलं ते खरं असलं तरी तो तेवढ्या सकाळचाच निकाल होता. काही आठवड्यांनी शरीर कसं वागेल हे त्यावरून कळत नाही.

आणि स्वीटनरच्या पुड्या. गोळीत गोड पदार्थ मिलिग्रॅमभर, बाकी लॅक्टोजसारखं थोडंसं भरण. पुडीत मात्र चमचाभर दिसावं म्हणून जवळजवळ एक ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज भरलेलं असतं. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच, आणि माल्टोडेक्स्ट्रिन जवळपास त्याच वेगाने रक्तात येतं. एका पुडीत पाचाहून कमी कॅलरी असल्या तर काही देशांत नियमानुसार "शून्य" छापता येतं. दिवसाला आठ पुड्या म्हणजे सात-आठ ग्रॅम. ४८ ग्रॅम साखरेपुढे हे थोडंच आहे, पण ते शून्य नाही. त्यामुळे मी पुड्यांऐवजी गोळ्या घेतल्या.

गोळ्यांवर काही आठवडे काढले. रक्ताच्या आकड्याला त्या उत्तम, जिभेला मात्र काहीच शिकवत नव्हत्या. चहा पूर्वीइतकाच गोड लागत होता, आणि प्रवासात गोळ्या संपल्या की दोन चमचे साखर घालावीशी वाटायचं. म्हणून उलटी वाट धरली. साखरच घ्यायची, पण काट्यावर मोजून: १२ वरून १०, मग ८, मग ६. प्रत्येक पायरीवर सुरुवातीचे काही दिवस चहा पांचट लागायचा आणि मग तो तसा लागणं थांबायचं. ज्या दिवशी पांचट वाटला नाही, त्यानंतरच पुढची पायरी. १२ वरून एकदम ६ वर आलं की माणूस चौथ्या दिवशी चमचा भरतो, हे मी घरातल्या दुसऱ्या एका माणसावरून पाहिलं. ८ ग्रॅमच्या खाली गेल्यावर एक गंमत झाली: वेलची आणि आलं यांची चव जास्त कळायला लागली आणि पूड थोडी कमी घालावीशी वाटली, कारण कडवटपणा झाकायला आता साखर नव्हती. कमी गोड चहा कमी उकळावा, हे तेव्हा लक्षात आलं.

आता कपाला ४ ग्रॅम साखर आणि दिवसाला तीन कप. एकूण १२ ग्रॅम, म्हणजे पूर्वी एका कपात जायची तेवढी. तिसऱ्या प्रहरीच्या कपात कधी साखरेऐवजी अर्धी गोळी टाकते, कधी काहीच नाही. गूळ आठवड्याच्या सुट्टीला, किसून, ५ ग्रॅम, चवीसाठी. चहासोबत येणाऱ्या बिस्किटांचाही काटा लावला होता. त्यांचं वजन चहातल्या साखरेपेक्षा जास्त भरलं, आणि दोन बिस्किटांसह घेतलेल्या बिनसाखरेच्या चहाने माझा आकडा साखरेच्या चहाइतकाच चढवला. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा केला. तीन महिने कारण तांबड्या पेशींचं आयुष्य साधारण तेवढं, आणि त्यांना चिकटलेल्या ग्लुकोजवरूनच हा आकडा निघतो. ५.८ आला. ताई लगेच म्हणाली, "बघ, चहाने केलं." डॉक्टरांनी मात्र तसं म्हणू दिलं नाही. मधल्या काळात मी रात्रीच्या जेवणानंतर चालत होते, तीन किलो उतरले होते, आणि मुख्य म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन कमी निघाल्यामुळे लोहाच्या गोळ्या चालू होत्या, चहापासून दोन तास लांब. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा थोडा वर दिसू शकतो, आणि लोह भरलं की साखर न बदलताही खाली येऊ शकतो. माझा आधीचा ६.१ त्यामुळे थोडा फुगलेला असण्याची शक्यता होती. म्हणून त्यांनी एचबीएवनसीवर न थांबता ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायची तपासणी सांगितली. ती लोहाने हलत नाही. तिचा आकडा १४६ आला. १४० च्या खाली असता तर सामान्य म्हटलं असतं. म्हणजे चहा आटोक्यात आला तरी मी अजून त्याच मधल्या पट्ट्यात आहे. पुढची तपासणी वर्षाने, आणि तोवर लक्ष बिस्किटांवर आणि रात्रीच्या जेवणावर.